प्रतिसाद: ६५० कार्पेट म्हणजे नक्की किती?

>> जाहिरातीत ६५० कार्पेट लिहिलंय, म्हणजे घरात तेवढी जागा मिळणार ना?

तेवढी नाही. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येत आतल्या खोल्यांमधल्या भिंतींची जाडीही कार्पेटमध्ये धरतात; बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी वगळतात. खरी गोम बाल्कनीतच. ५९० कार्पेट आणि ६० बाल्कनी यांची बेरीज करून एजंट बिनधास्त '६५० युजेबल कार्पेट' छापतो. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या साइटवर कार्पेटचा आकडा चौरस मीटरमध्ये बघा आणि १०.७६४ने गुणा, म्हणजे चौरस फूट मिळतात. तिथे ५४.८ दिसलं, तर ते ५९०च. करारनाम्यातही बाल्कनी वेगळी लिहिलेली हवी.

जाहिरातींतले आणखी दोन शब्द: एन स्वीट म्हणजे बेडरूमला जोडलेलं बाथरूम, बाकी काही नाही. फ्रीहोल्ड, म्हणजे जमीनही मालकीची, याचं मात्र नवी मुंबईत जपून: सिडकोच्या प्लॉटवरच्या बऱ्याच इमारती भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत, तेव्हा आधी जमिनीचा कागद मागा.