पेमेंट शेड्यूलची स्लाइड

>"टक्के प्रत्येक बिल्डर वेगळे दाखवतो, मग तपासायचं कशाशी?"

महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे महारेराच्या नमुना करारनाम्याशी. करार नोंदवण्याआधी फ्लॅटच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. करार झाल्यावर एकूण ३०, जोतं पूर्ण झाल्यावर ४५ आणि सगळे स्लॅब झाल्यावर ७० टक्के, या कमाल मर्यादा. म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटला जोत्यापर्यंत जास्तीत जास्त ३६ लाख. आम्ही पाहिलेल्या एका बिल्डरच्या सादरीकरणात तिथेच ६० टक्के, म्हणजे ४८ लाख होते! टप्प्यांची नावं नीट वाचा. "खोदकाम सुरू" असा जादा टप्पा घुसवून पैसे आधीच ओढले जातात, म्हणून प्रत्येक ओळीपुढे एकूण बेरीज स्वतः मांडा. शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा मिळतानाच द्यायचे.