पाटलीवरचा शिक्का: फोटो उडाला, आता शब्दांत

प्रेषक: सुलभा
नमस्कार मंडळी, सासूबाईंच्या पाटल्यांच्या जोडीचा फोटो काल पाठवला होता. आतल्या बाजूला शिक्का आहे, 916 स्पष्ट दिसतं. मोडायच्या नाहीत, पण मुलींमध्ये वाटणी करायची आहे, म्हणून सोनं खरंच २२ कॅरट आहे का ते कळायला हवं. कुणी सांगू शकेल का?

प्रेषक: यादी व्यवस्थापक
सुलभाताई, यादीवर जोडलेल्या फाइली आपोआप काढल्या जातात. तुमचा फोटो कुणालाच पोहोचलेला नाही. मजकुरात लिहा.

प्रेषक: प्रसाद
सोपं आहे. सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर, आहे का बघा. भारतीय मानक ब्युरोच्या BIS Care अॅपमध्ये टाकला की सगळी माहिती येते. नंबर नसेल तर हॉलमार्क बोगस.

प्रेषक: श्रीकांत
प्रसाद, अॅपचं बरोबर, पण निष्कर्ष चुकला. एचयूआयडी जुलै २०२१ पासून आला. बीआयएसचा सोन्याचा हॉलमार्क मात्र २००० सालापासून आहे. सासूबाईंच्या पाटल्या त्या मधल्या काळातल्या असतील तर सहा अक्षरं असणारच नाहीत, आणि शिक्का तरीही अस्सल असू शकतो.

सुलभाताई, फोटोपेक्षा शब्दांचा एक फायदा असा की प्रत्येक खुणेकडे नीट बघावं लागतं. आधी मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने आतली बाजू धुऊन पुसा, खाचांत मळ असला की 6 चा 8 दिसतो. दिवा समोरून न धरता बाजूने, तिरका धरा. दहापट भिंग असेल तर उत्तम. मग डावीकडून उजवीकडे एकेक खूण लिहा: आकार कसा, टोक कुठे, कशानंतर काय, मधे अंतर किती. जे वाचता येत नाही त्याचा अंदाज करू नका, 'अमुकसारखं दिसतं' एवढंच लिहा. दोन्ही पाटल्यांचं वेगवेगळं लिहा आणि वजनंही द्या.

प्रेषक: सुलभा
पहिली पाटली, २४.६५ ग्रॅम. डावीकडून: SNH, मग छोट्या r सारखं काहीतरी, मग वर्तुळात नक्षी, मग 916, शेवटी टोक खाली असलेला त्रिकोण.
दुसरी, २४.८० ग्रॅम. SNH आणि 916 दिसतात. मधे पुसट खळगे आहेत. त्रिकोण नाही, 916 च्या पुढे एक बारीक आडवी रेघ आहे आणि तिथे रंग थोडा फिका.

प्रेषक: अरुणा
सुलभा, माझ्या गोठांवर नुसतं 22 लिहिलंय, त्रिकोण वगैरे काही नाही. ते पाण्यात तोलून सोनं ओळखतात म्हणे, मी करून बघू का?

प्रेषक: श्रीकांत
सुलभाताई, वर्णन चोख आहे, फक्त पाटली उलटी धरली होती. 916 ची गंमत अशी की उलटं धरलं तरी 916 च वाचलं जातं. त्यामुळे आपण सरळ वाचतोय असं वाटत राहतं. पण टोक खाली असलेला त्रिकोण बीआयएसच्या खुणेत नसतो. पाटली अर्धी फिरवा. आता त्रिकोण डावीकडे, टोक वर, मग 916, मग वर्तुळातली नक्षी, म्हणजे तपासणी केंद्राची खूण, आणि तुमचा r म्हणजे J. शेवटी SNH नव्हे, HNS. H, N, S ही तिन्ही उलटी केली तरी तशीच दिसतात, फक्त क्रम फिरतो. सराफाचा शोध SNH वरून घेतला असता तर भलत्याच दुकानात पोहोचला असता.

२०१६ पर्यंत या पाच खुणा याच क्रमाने उमटत असत. J हे वर्षाचं अक्षर, म्हणजे २००८. त्यामुळे पहिल्या पाटलीचं वर्णन आतून सुसंगत आहे. अट एकच: त्रिकोण खोटा ठोकलेला नसावा, आणि ते शब्दांवरून कळणार नाही.

प्रेषक: प्रसाद
पण J सराफाच्या नावाचं अक्षर का नसेल?

प्रेषक: श्रीकांत
नावाची अक्षरं वेगळ्या गटात, शेवटी येतात. इथे J एकटा आहे, केंद्राच्या खुणेनंतर. शंका वाजवी आहे. म्हणूनच मी अंतरं विचारली होती.

दुसऱ्या पाटलीकडे बघू. सुलभाताई, SNH आणि 916 मधलं अंतर पहिल्या पाटलीइतकंच आहे का?

अरुणाकाकू, गोठांवर पाण्याची चाचणी नको. गोठात बहुधा आत लाख असते, वर सोन्याचा पत्रा. लाख हलकी, त्यामुळे चांगलं सोनं असूनही उत्तर खोट्यासारखं येईल. शिवाय पाणी आत शिरलं तर वेगळाच ताप. नुसतं 22 म्हणजे सराफाचा स्वतःचा दावा, कुणी तपासलेला नाही. तुमच्या गोठांसाठी वेगळा मेल टाका, नाहीतर सुलभाताईंच्या पाटल्या राहून जातील.

प्रेषक: सुलभा
अंतर जवळपास तेवढंच आहे, काडीने मोजलं. पाटल्या भरीव आहेत असं सासूबाई सांगायच्या. मग आमच्यावर पाण्याची चाचणी चालेल का?

प्रेषक: श्रीकांत
भरीव असतील तर चालेल. अंतर सारखं आणि मधे खळगे, म्हणजे तिथे खुणा होत्या आणि घासल्या गेल्या असं वाटतं. नुसतं सराफाने ठोकलं असतं तर 916 आणि अक्षरं बहुधा जवळजवळ आली असती. फिकी रेघ म्हणजे सोनाराने जोडाला दिलेला डाग, पाटली मोठी करताना कापून जोडलेली. त्रिकोण असायला हवा नेमका तिथेच रेघ आहे, म्हणजे तो कापण्यात गेला असावा. असावा, खात्रीने नाही.

काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा बिनकामाचा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. पाटली बारीक दोऱ्याला टांगून पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला लागू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे हलवून काढा. काट्यावर जो आकडा येईल तेवढं घनफळ. कोरड्या वजनाला त्याने भागा. २२ कॅरटचं उत्तर साधारण १७.५ ते १७.९ मध्ये येतं, १८ कॅरटचं १५.५ च्या आसपास.

प्रेषक: सुलभा
पहिलीला १.४० आलं, दुसरीला १.४१. तीन वेळा केलं, दुसरीला एकदा १.४४ आलं पण तेव्हा एक बुडबुडा होता.

प्रेषक: श्रीकांत
म्हणजे दोन्ही साधारण १७.६. बुडबुड्याने घनफळ फुगतं आणि सोनं हलकं भासतं, म्हणून १.४४ सोडून द्या. दुसरी १८ कॅरटची असती तर १.६० च्या आसपास आलं असतं. १८ ची शंका यावरून मिटते. मात्र ०.०२ ची चूक धरली तर उत्तर १७.३ ते १७.८ असं हलतं, त्यामुळे सोनं ९१.६ टक्के की ९० टक्के, हे या काट्यावर कळणार नाही. आणि टंगस्टनची घनता शुद्ध सोन्याइतकीच असते, म्हणून कुणी मुद्दाम फसवलं असेल तर पाणी ते पकडत नाही.

वाटणीसाठी नेमका आकडा हवा असेल तर एक्स-रे यंत्रावर दाखवा. ते फक्त वरचा पातळ थर वाचतं, म्हणून तीन जागी घ्यायला सांगा: रेघेवर, रेघेपासून लांब, आणि आतल्या बाजूला जिथे जास्त झिजलंय तिथे. रेघेवर आकडा कमी आला तर घाबरू नका. तिथे डाग लावलेला आहे, त्यात दुसरे धातू असतात. बाकी दोन जागी सारखा आला पाहिजे.

प्रेषक: प्रसाद
आणि त्या दोन जागांपैकी एका जागी कमी आला तर? मोठी करताना जोडलेला तुकडाच कमी कसाचा असू शकतो ना?

प्रेषक: श्रीकांत
असू शकतो. तुकडा किती मोठा हे कळायला रेघा मोजाव्या लागतील. तुकडा घातला असेल तर दोन रेघा दिसतील, एकच असेल तर नुसतं कापून परत जोडलेलं. सुलभाताई, तिरक्या दिव्यात पाटली पूर्ण फिरवून बघाल?

प्रेषक: सुलभा
बघितलं. एक रेघ नक्की. दुसरी आहे असं वाटतं, पण ती ओरखडाही असेल. शनिवारी यंत्रावर नेते, त्या जागीही वाचायला सांगते आणि आकडे इथे लिहिते.