मदत हवी आहे: उलट विधानांचा वेगळा घटक निघतोय, तो खरा मानायचा का? (फॅक्टर अ‍ॅनालिसिस + आयआरटी)

गोदाकाठ
नमस्कार. पीएच.डी. मानसशास्त्र, परभणी जिल्हा. शेतकरी कुटुंबांतली पावसाची चिंता मोजणारी मापनी तयार करतेय. 16 विधानं, प्रत्येकाला पाच पर्याय, 412 प्रतिसाद. बऱ्याच जणांना वाचायची सवय नसल्याने चार सर्वेक्षकांनी विधानं वाचून दाखवून उत्तरं भरून घेतली. उलट विधानांचे गुण फिरवून घेतले आहेत.

एसपीएसएसमध्ये प्रिन्सिपल कंपोनंट आणि व्हेरिमॅक्स लावलं. आयगेन व्हॅल्यू 7.1, 1.9, 1.15, 1.04. एकच्या वरचे चार, म्हणून चार घटक. पहिल्यात बहुतेक विधानं आहेत. दुसऱ्यात फक्त चार, आणि ती चारही उलट विधानं:

3. पाऊस लांबला तरी मला काळजी वाटत नाही.
6. पिकाचा विचार माझ्या मनात सारखा येत नाही.
11. कर्जाचं मला दडपण वाटत नाही.
14. यंदा पीक गेलं तरी घर सावरेल असा विश्वास वाटतो.

गाईड म्हणतात, या घटकाला 'आशा' नाव द्या आणि उपमापनी करा. माझं मन तयार होत नाही. शिवाय आयआरटीत, म्हणजे आयटम रिस्पॉन्स थिअरीत, विधान 7 चं डिस्क्रिमिनेशन, म्हणजे जास्त आणि कमी चिंतेची माणसं वेगळी करण्याची ताकद, 4.3 आलंय, बाकीची 1 ते 2 मध्ये आहेत. हे विधान फार चांगलं म्हणायचं का? कोर्सवर्कमध्ये हे सगळं समजावून सांगायचंय.

संख्या_नांदेड
व्हेरिमॅक्स काढा, प्रोमॅक्स किंवा ऑब्लिमिन लावा. चिंता आणि आशा एकमेकांशी संबंधित असणारच, व्हेरिमॅक्स ते घटक जबरदस्तीने काटकोनात बसवतं. विधानांची आपापसांतली सुसंगती सांगणारा क्रॉनबाख अल्फा किती आला? 0.9 च्या पुढे असेल तर मापनी एकघटकी आहे, पुढची चिंता सोडा.

गोदाकाठ
अल्फा 0.91. ऑब्लिमिन लावून पाहिलं, तीच चार विधानं पुन्हा एकत्र.

गुरुजी_हिंगोली
मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. माझ्या 30 प्रश्नांच्या चाचणीत कठीण प्रश्न एका घटकात आणि सोपे दुसऱ्यात गेले. मुलं 45. मलाही आयआरटी लावायची आहे. कोणतं मॉडेल घेऊ?

बालाघाट
गुरुजी, 45 मुलांवर डिस्क्रिमिनेशनचे आकडे स्थिर राहत नाहीत. आज एक येईल, पुढच्या वर्गात दुसराच. सध्या प्रत्येक प्रश्न किती टक्के मुलांनी सोडवला आणि त्याचा एकूण गुणांशी सहसंबंध किती, एवढंच पाहा. सोपे-कठीण वेगळे पडले, कारण बरोबर-चूक उत्तरांवर साधा पिअर्सन सहसंबंध काढला की सारख्या काठिण्याचे प्रश्न आपोआप जवळ येतात. तो घटक गणिताचा नाही, काठिण्याचा आहे.

ताई, तुमच्याकडेही त्याच जातीचा प्रश्न आहे. अल्फाचं उत्तर मला पटत नाही. दोन वेगळे घटक असले तरी विधानं पुरेशी असली की अल्फा 0.9 सहज गाठतो. तो घटक मोजत नाही.

आधी घटक किती ते ठरवा. एकच्या वरची आयगेन व्हॅल्यू हा निकष खूप ढिला आहे, कारण 412 लोकांच्या निव्वळ यादृच्छिक आकड्यांतूनही पहिल्या काही व्हॅल्यू एकच्या वर येतात. हॉर्न यांचं 1965 चं पॅरलल अ‍ॅनालिसिस नेमकं हेच तपासतं: तुमची व्हॅल्यू यादृच्छिक डेटातल्या त्याच क्रमांकाच्या व्हॅल्यूपेक्षा मोठी आहे का? पाच पर्याय असल्याने सहसंबंध पॉलीकोरिक घ्या. मग आर मध्ये:

```
library(psych); library(mirt)
fa.parallel(d, cor="poly", fa="both")
m <- mirt(d, 1, itemtype="graded")
residuals(m, type="Q3")
```

Q3 चा तक्ता नीट वाचा. चिंता एवढी एकच गोष्ट हिशोबातून वजा केल्यावरही दोन विधानांत काही नातं उरतं का, ते त्यात दिसतं. बहुतेक जोड्या शून्याच्या किंचित खाली असतात. एखादी जोडी सरासरीपेक्षा 0.2 ने वर असेल तर तिथे थांबून ती दोन विधानं मोठ्याने वाचा.

आणि 7 च्या आजूबाजूला त्याच्यासारखं कुठलं विधान आहे?

गोदाकाठ
7. पेरणी वाया जाईल अशी धास्ती वाटते.
8. दुबार पेरणी करावी लागेल अशी धास्ती वाटते.

तुम्ही सांगितलं ते चालवलं. पॅरलल अ‍ॅनालिसिस दोन घटक सांगतं. Q3 मध्ये 7-8 ची जोडी 0.46. विधानं 3, 6, 11 आपापसांत 0.30 च्या आसपास. पण 14 चं त्या तिघांशी नातं शून्याजवळ!

बालाघाट
7 आणि 8 ही एकच गोष्ट दोनदा विचारणं आहे. पेरणी वाया गेली की दुबार पेरणी आलीच. मॉडेल ही दोन विधानं घट्ट जुळलेली पाहतं आणि त्या जुळणीलाच 'चिंता' समजून तिकडे झुकतं, म्हणून डिस्क्रिमिनेशन फुगतं. 4.3 म्हणजे लोडिंग, विधानाचं घटकाशी असलेलं नातं, जवळपास 0.93. पाच पर्यायांच्या एका भावनिक विधानाला एवढं लोडिंग मिळालं तर मी खूश होणार नाही, संशय घेईन. यात नुकसानही आहे. एकच माहिती दोनदा मोजली जाते आणि मापनाची प्रमाण त्रुटी खोटी कमी दिसते. 8 काढून मॉडेल पुन्हा चालवा.

आता 'आशा'. तो घटक खरंच आशेचा असता तर विधान 14 त्यात सगळ्यांत पुढे असतं, कारण उघड आशा बोलणारं तेच एक विधान आहे. पण ते बाजूला पडलं आणि 'नाही' असलेली तीन एकत्र राहिली. म्हणजे त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट वाक्याच्या घडणीत आहे. विधानं वाचून दाखवली म्हणता. एखाद्या सर्वेक्षकाला विचारा, विधान 3 ला लोक नेमकं काय बोलायचे?

गोदाकाठ
विचारलं. त्याने सांगितलं, "पाऊस लांबला तरी काळजी वाटत नाही" असं वाचलं की माणूस म्हणायचा, "हो ना, काळजी तर लागतेच की." त्या 'हो'वर 'सहमत'ची खूण झाली. त्याच्या 103 फॉर्ममध्ये 1, 2, 3 या तिन्हींना 'सहमत' असे पुष्कळ आहेत. 1 म्हणजे "पाऊस लांबला की जीव घाबरा होतो".

8 काढल्यावर 7 चं डिस्क्रिमिनेशन 1.9 वर आलं.

बालाघाट
हीच चावी. श्मिट आणि स्टल्ट्स यांनी 1985 मध्ये दाखवलं होतं की साधारण 10 टक्के लोकांनी उलट विधान उलट आहे हे लक्षात न घेता उत्तर दिलं, तरी उलट विधानांचा स्वतंत्र घटक उभा राहतो. तुमच्याकडे तर चौथाई फॉर्म एकाच हातून आले आहेत. ते 103 बाजूला ठेवून पाहा.

गोदाकाठ
पाहिलं. दुसरी आयगेन व्हॅल्यू 1.9 वरून 1.45 झाली, पण पॅरलल अ‍ॅनालिसिसची रेषा अजून थोडीशी ओलांडतेच. म्हणजे सगळा दोष त्या फॉर्मचा नाही?

संख्या_नांदेड
मग उलट विधानं काढूनच टाका. अल्फाबद्दलचं म्हणणं मी मागे घेतो.

बालाघाट
मी काढणार नाही. सगळी विधानं एकाच दिशेची ठेवली तर कशालाही 'हो' म्हणणारा माणूस आणि खरा चिंतित माणूस यांत फरकच करता येत नाही. 14 सारखी, 'नाही' न वापरता उलट बाजू सांगणारी विधानं लिहा. "पाऊस लांबला तरी मला शांत झोप लागते" असं काहीतरी.

उरलेल्या 1.45 चं काय ते या डेटावर ठरणार नाही. गाईडना आशा हवीच असेल तर आशेची पाच-सहा सरळ विधानं घाला. ती चिंतेच्या विधानांपासून स्वतःहून वेगळी पडली आणि एखाद्या बाहेरच्या गोष्टीशी, समजा पुढच्या हंगामात जमीन कसायची की बटाईने द्यायची या निर्णयाशी, चिंतेपेक्षा वेगळं नातं दाखवलं, तर माझी हरकत नाही.

गोदाकाठ
सीएफए, म्हणजे आधी ठरवलेली रचना डेटावर तपासणं, याच 412 वर केलं तर चालेल का? की अर्धे-अर्धे करू?

बालाघाट
त्याच 412 वर नको. ज्या डेटातून रचना शोधली, तो तिला दुजोरा देणारच. अर्धे केले तर 206 उरतात, आणि टोकाच्या पर्यायांवर उत्तरं कमी असली की पॉलीकोरिक सहसंबंध डळमळतात. विधानं तर बदलणारच आहात, मग नव्याने गोळा करा.

गोदाकाठ
हे फॉर्म जूनमध्ये भरले होते, पाऊस लांबला होता. आता गोळा केले तर सोयाबीन निघालेलं असेल. चिंताच कमी असेल तर 'पूर्ण सहमत'वर उत्तरंच येणार नाहीत. मग वरच्या थ्रेशोल्डचं, म्हणजे 'सहमत'वरून 'पूर्ण सहमत'कडे जाण्याच्या सीमेचं, काय करायचं?

बालाघाट
तुमची शंका रास्त आहे. विधानांचे पॅरामीटर ऋतूगणिक बदलू नयेत असं मॉडेल मानतं, पण ज्या पट्ट्यात माणसंच नाहीत तिथला थ्रेशोल्ड नीट मोजता येत नाही. कोरडवाहू गावं आणि धरणाखालची गावं दोन्ही घ्या, पसारा वाढेल. तेवढ्याने पुरेल का, हे गोळा केल्यावरच कळेल.