शाळेच्या जत्रेतली मदतनिधी रमी स्पर्धा : बाद पद्धत की स्विस?

धागाकर्ता : सूचनेचा मसुदा असा आहे : "मदतनिधीसाठी दोन हाती रमी स्पर्धा. प्रवेश २४ जणांना, आधी येईल त्याला. एका डावाचा सामना, हरला तो बाद. जमलेल्या प्रवेशशुल्कातून पहिल्या तिघांना बक्षिसे." काही चुकतंय का?

बदामराणी : सामना एका डावाचा नको. तेरा पानं हातात आली की निम्मा निकाल वाटपातच लागलेला असतो. तीन डाव खेळवा आणि सामन्याला अर्धा तास द्या. सूचनेत आणखी एक वाक्य हवंच : "वेळ संपली तेव्हा अपुरा असलेला डाव धरला जाणार नाही, पूर्ण डावांत ज्याचे गुण कमी तो विजयी." हे छापलं नाही, तर अपुरा डाव धरायचा की नाही यावरून शेजारच्या टेबलापर्यंत वाद जातो.

चौकट गुलाम : तीन डाव मान्य. पण पद्धत बादच ठेवा, लवकर आटोपते. जत्रेत कोण दिवसभर बसणार?

बदामराणी : लवकर आटोपत नाही. २४ जणांत ८ जणांना पुढे चाल द्यावी लागते, उरलेले १६ खेळतात. मग १६, ८, ४, २. म्हणजे पाच फेऱ्या. स्विसलाही पाचच लागतात. फरक इतकाच, की बाद पद्धतीत पहिल्या तासाभरात १६ जण बाहेर पडलेले असतात. मदतीसाठी पैसे भरून एकच सामना खेळायला मिळालेला माणूस पुढच्या वर्षी येत नाही. स्विसमध्ये बरोबरीच्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात, तीच जोडी पुन्हा लागत नाही आणि सगळे पाचही सामने खेळतात.

चौकट गुलाम : पण स्विसला १२ टेबलं आणि पत्त्यांचे १२ जोड लागतात, बादला ८ पुरतात. शिवाय अंतिम सामना बघायला गर्दी जमते. स्विसमध्ये शेवटी कागदावर बेरीज करून विजेता सांगायचा, त्यात मजा कसली?

बदामराणी : गर्दीचा मुद्दा खरा आहे. मग चार फेऱ्या स्विसच्या घ्या आणि पहिल्या दोघांचा अंतिम सामना. गुण सारखे झाले तर ज्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी जास्त सामने जिंकले तो वर, हेही आधीच लिहा.

किलवर दुर्री : आमच्याकडे चौघांचा जोडीचा खेळ आहे, त्यात २५ नावं आलीत. एकाला काढायचं का?

बदामराणी : जोडीच्या खेळात स्विस लावायचं तर नोंदणी जोडीनेच घ्या, २५व्याला जोडीदार शोधावा लागेल. जोड्यांची संख्या विषम झाली, तर त्या फेरीत सर्वांत कमी गुणांच्या जोडीला पुढे चाल द्या. ती विजय म्हणून धरायची, पण एका जोडीला एकदाच.

इस्पिक एक्का : सगळे पद्धतीवरच बोलताय. खरी अडचण शेवटच्या ओळीत आहे. शुल्कातून बक्षीस दिलं की तो डाव पैशांवरचा होतो, आणि शाळेच्या आवारात अनेक ठिकाणी तेवढ्यावरून परवानगी अडते. "संपूर्ण शुल्क मदतनिधीत, बक्षिसे देणगीदारांकडून, वस्तुरूपात" असं लिहा.

चौकट गुलाम : देणगीदार मिळाला नाही तर? शुल्काचा ठरावीक हिस्सा उघडपणे छापला, तर त्यात लपवाछपवी नाही.

इस्पिक एक्का : लपवाछपवीचा प्रश्नच नाही. देणगीदार नसेल तर नुसती प्रमाणपत्रं द्या.