मदत हवी आहे: ओडिया बोलणाऱ्या ताईंशी कसं बोलू?

आईच्या देखभालीला ओडिशाच्या ताई आल्यात. हिंदी अगदी जेमतेम. परवा आईने जिना चढाल का विचारलं, तर त्या म्हणाल्या, "चेष्टा करिबि." आई फुगून बसली! ओडियात चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला नंतर कळलं.

गोळ्यांच्या डब्यांवर सूर्य आणि चंद्र काढलेत, ते जमतंय. पण "समजलं का?" विचारलं की प्रत्येक वेळी मान हो. काल जेवणानंतरची गोळी उपाशीपोटी दिली. आता सांगून झालं की "तुम्ही करून दाखवा" अशी खूण करते, तेव्हा चूक लगेच दिसते.

'आधी' आणि 'नंतर' खुणेने कसं दाखवायचं? आणि ओडियात सोपे शब्द कोणते, कुणी सांगेल का?