एकरी उतारा लहान शेताचा जास्त, मग तुकड्यांना दोष का?

माळरान: आमच्याकडे जो तो म्हणतो, तुकडे पडले म्हणून शेती बुडाली. पण दोन एकरवाल्याचा एकरी उतारा वीस एकरवाल्यापेक्षा जास्त निघतो असं वाचनात आलं. खरं आहे का? आणि असेल तर कशामुळे?

काळी_आई: शंभर टक्के खरं. लहान शेतकरी स्वतः राबतो, मोठा गड्यांवर सोडून देतो. जमीन कष्ट करणाऱ्यालाच देते. तुकडे होतात तर होऊ द्या, देशाचं धान्य वाढेलच.

गोदाकाठ: राबण्याचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यात कष्टाळू-आळशी असं काही नाही. 1950च्या दशकातल्या शेती व्यवस्थापन पाहण्यांमध्ये शेत लहान तसं एकरी उत्पादन जास्त, असं दिसलं होतं. 1962 साली अमर्त्य सेन यांनी त्याचं कारण मजुरीच्या हिशोबात दाखवलं.

समजा, कांद्याला तिसरी खुरपणी द्यायची की नाही हा प्रश्न आहे. एका बाईच्या दिवसभराच्या खुरपणीने अडीचशे रुपयांचा कांदा वाढेल आणि रोज आहे तीनशे. मजूर लावणारा दुसऱ्या खुरपणीनंतर थांबतो, आणि त्याचं बरोबरच आहे. दोन एकरवाल्याच्या घरच्या बाईला त्या दिवसांत बाहेर काम नाही, म्हणून ती तिसरी खुरपणी करते. अडीचशे तर अडीचशे. जमीन तीच, बियाणं तेच, तरी उतारा तिच्याच शेतात जास्त. पण तिचा रोज खर्चात धरलात तर त्या खुरपणीत पन्नासचा तोटा आहे. जास्त उतारा म्हणजे जास्त नफा नव्हे. घरच्या माणसांना दुसरा रोजगार नाही, हेही त्या आकड्यात दडलेलं असतं.

चार_भाऊ: हे सगळं कागदावर. आमचं एक एकर होतं, चौघांत उभ्या पट्ट्या पाडल्या. रान चौकोनी, बाजू साधारण 209 फूट, म्हणजे एकेकाच्या वाट्याला 52 फूट रुंदी. मधे तीन बांध, प्रत्येकी तीन फूट. पावणेदोन गुंठे नुसते बांधात गेले. ट्रॅक्टर आडवा घालता येत नाही, विहीर एकाच्या पट्टीत, पाळी लागली की भांडण. बांध दर वर्षी कुणीतरी कोरतोच. कुठला जास्त उतारा?

गोदाकाठ: तुमचं दुखणं खरं आहे, पण ते वेगळं आहे. एका घराची एकूण जमीन थोडी असणं ही एक गोष्ट. तीच जमीन पट्ट्या-पट्ट्यांत किंवा चार दिशांना विखुरलेली असणं ही दुसरी. खुरपणीचा हिशोब पहिलीला लागू होतो, बांधाचा दुसरीला. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरात कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी शंभर वर्षांपूर्वी पाहणी केली. सरासरी खातं 1771 साली 40 एकर होतं, ते 1915च्या सुमारास 7 एकरांवर आलं होतं, आणि वर ती जमीन विखुरलेली. 1947चा तुकडेबंदी कायदा दोन्हींवर बोलतो. एकीकडे फार लहान तुकडा पाडायला बंदी, दुसरीकडे विखुरलेल्या तुकड्यांचं एकत्रीकरण. पहिली अट काढायची असेल तरी दुसरं काम सोडून चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मापाडी: मला मुळातल्या आकड्यांवरच शंका आहे. लहान शेतकऱ्याचं उत्पादन बहुतेक वेळा तोंडी विचारलेलं असतं. इथिओपियात सांगितलेले आकडे आणि पीक प्रत्यक्ष कापून मोजलेले आकडे शेजारी ठेवले. मोजलेल्या आकड्यांत लहान शेताची आघाडी दिसेनाशी झाली. लहान रानवाले पीक वाढवून सांगत होते. शिवाय पाण्याखालच्या काळ्या रानाच्या वाटण्या आधी होतात. मुरमाड माळ एकत्रच राहतो, त्याच्या वाटणीसाठी भांडणार कोण? मग उतारा आकारामुळे की मातीमुळे?

गोदाकाठ: मातीचा मुद्दा मान्य, काही फरक नक्कीच तिथून येतो. इथिओपियाचा निष्कर्ष मात्र सगळ्या पिकांना, सगळ्या देशांना लावायला मी तयार नाही. मजुरीचं कारण त्याने खोडलं जात नाही.

काळी_आई: म्हणजे लहान शेतीच चांगली, हे ठरलंच ना?

मापाडी: कुणासाठी चांगली? एकराला विचाराल तर कदाचित हो. त्या एकरावर राबणाऱ्या माणसागणिक किती येतं ते विचारा, उत्तर उलटं येईल.

माळरान: आमच्याकडे आता कांदा खुरपणाऱ्या बायका एमआयडीसीत जातात. तिसरी खुरपणी घरचीही कुणी करत नाही, तणनाशक मारतात. मग फरक उरला असेल का?

गोदाकाठ: कमी झाला असणार, कारण आता घरच्या दिवसालाही बाहेर भाव आहे. खात्री करायची तर एकाच विहिरीवरची, एकाच मातीची, एकाच वाणाची दोन शेतं घ्या, एक लहान आणि एक मोठं. दोघांच्या खुरपण्या मोजा, बाजार समितीच्या वजनाच्या पट्ट्या पाहा. घरी खाल्लेला आणि चाळीत सडलेला कांदाही त्यात मिळवायला विसरू नका.

चार_भाऊ: आमच्या चौघांचे आकडे देतो, पण विहीर ज्याच्या पट्टीत त्याचा वेगळा धरा.