डेडलिफ्टला पट्टे लावायचे की पकड वाढवायची?

टिळकवाडी: १२० किलोला कंबर दमायच्या आधीच चौथ्या रेपला बार बोटांतून निसटतो. पुलअप्सलाही सहाव्यानंतर हात सुटतात. मनगटातून बारला गुंडाळायचे पट्टे लावू की पकड वाढवू?

खानापूर: पट्टे म्हणजे पळवाट. तालमीत दोरावर चढणारे पट्टे लावतात काय? ग्रिपर घ्या, रोज शंभरदा दाबा. हाताला घाम येत असेल तर टाल्कम लावा.

निपाणी: दोराचं बरोबर आहे, बाकीचं नाही. ग्रिपर बोटं मिटायची ताकद वाढवतो. डेडलिफ्टला बोटं आधीच मिटलेली असतात, ती उघडू द्यायची नसतात. आणि टाल्कमनं बार उलट जास्तच निसटतो. मॅग्नेशियम कार्बोनेटचा चॉक घ्या, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लागतोच.

आधी दोष पकडीचाच आहे का ते बघा. एके दिवशी त्याच १२० ला पट्टे लावा. सहा-सात रेप निघाले तर पकडच कमी पडते. चार-पाचवरच थांबलात तर कंबर किंवा पाय.

मग बार कुठं धरता ते बघा. तळहाताच्या मधोमध धरला की वजन उचलताना तो बोटांकडं घसरतो, कातडीची घडी पडते आणि करंगळी आधी उघडते. बोटांच्या मुळाशीच धरा, अंगठा बोटांवरून घट्ट घ्या.

पट्टे फेकू नका. ६०, ८०, १०० हे सेट नुसत्या हातानं, दोन्ही तळवे स्वतःकडं करून. १०० च्या शेवटच्या रेपला वर उभं राहून १० सेकंद धरा, जमेल तसं १५ वर न्या. १२० ला मात्र पट्टे, नाहीतर पकडीपायी पाठीचा व्यायाम अर्धाच राहतो. १०० वर १५ सेकंद आरामात जमले की धरायचं वजन अडीच किलोनं वाढवा.

चिकोडी: एक हात उलटा धरला की झालं की! माझा बार तसा हलत नाही.

निपाणी: हलत नाही, कारण एका हातातून तो ज्या बाजूला फिरू बघतो तिकडून दुसरा हात अडवतो. पण उलट्या हाताचा कोपर वाकवून ओढलं तर बायसेप्सला हाडाशी जोडणारा टेंडन फाटू शकतो. हात सरळ ठेवा, बाजू बदलत राहा.

खानापूर: आणि पुलअप्स? तिथं काय पट्टे लावून लटकायचं?

निपाणी: तिथं नकोतच. पुलअप्स झाल्यावर आठवड्यातून दोनदा नुसतं लटका, २० ते ३० सेकंद, तीनदा. ४५ सेकंद सहज जमलं की बारवर टॉवेल टाकून त्याची दोन टोकं धरा. दोराचंच काम ते. बोटं उघडायला लागली की उतरा.

चिकोडी: टॉवेल सुरू केल्यापासून कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय.

निपाणी: टॉवेल बंद करा, लटकणं निम्म्यावर आणा. स्नायूपेक्षा तिथला टेंडन सावकाश तयार होतो. आठ-दहा दिवसांत कमी झालं नाही तर दाखवून घ्या.

खानापूर: तरी पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत पट्टे चालत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

टिळकवाडी: स्पर्धेला उतरायचंच नाही मला. शनिवारी पट्टे लावून १२० बघतो.